एक मीटर, तीन जणी आणि मे महिन्याचं लाइट बिल

जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला नोकरीसाठी अथवा शिक्षणासाठी नवीन आलात आणि दोघा-तिघांत मिळून फ्लॅट घेतलात, की पहिले काही महिने लाइट बिलाचं कुणालाच काही वाटत नाही. जानेवारीत हजाराच्या आत बिल येतं, त्याचे सारखे भाग पडतात, विषय संपतो. खरी गंमत मार्चनंतर. कूलर खिडकीत चढतो, एखाद्या खोलीत एसी सुरू होतो, आणि मे महिन्याचं बिल हातात पडलं की 'सरळ तीन भाग' हे कुणाला तरी टोचायला लागतं. म्हणून हिशेबाची पद्धत थंडीतच ठरवून टाकावी. उन्हाळ्यात ठरवायला बसलात तर प्रत्येकाला आपलाच फायदा दिसतो.

इथे गृहीत धरलंय की फ्लॅटला महावितरणचं एकच घरगुती कनेक्शन आहे, बिल घरमालकाच्या नावावर येतं आणि भरायचं तुम्ही आहे.

आधी मीटर तुमचाच आहे ना, ते बघा

अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली एका फळीवर दहा-बारा मीटर ओळीने बसवलेले असतात. त्यावर फ्लॅट नंबर खडूने किंवा मार्करने लिहिलेला असतो, तो अर्धा पुसलेला असतो, आणि मधल्या काळात एखादा मीटर बदललेलाही असतो. त्यामुळे मीटरवर छापलेला क्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळवून बघा. जुळला तरी एक छोटी चाचणी करा. एकीने वर घरातला मेन स्विच खाली पाडायचा, दुसरीने खाली मीटरपाशी उभं राहायचं. मीटरवरचा लाल दिवा विजेच्या वापराप्रमाणे लुकलुकत असतो. मेन पडल्यावर तो लुकलुकायचा थांबला पाहिजे.

थांबला नाही तर तुमच्या मीटरवरून दुसरं काहीतरी चालतंय. बहुतेक वेळा ते जिन्यातले दिवे असतात, नाहीतर टाकीत पाणी चढवणारी मोटर. जिथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे पाणी आलं की मोटर बराच वेळ चालते, आणि एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण युनिटच्या पुढे खाते. मात्र मोटर बंद असताना चाचणी केली तर ती कळणारच नाही, म्हणून पाणी यायच्या वेळेला पुन्हा एकदा मीटर बघा. ती सगळ्या बिल्डिंगची मोटर असेल तर तिचा हिशेब घरमालकाशी, आपसात नाही. हे पहिल्या आठवड्यातच सांगावं. सहा महिन्यांनी सांगितलं तर 'इतके दिवस भरलं ना' असं उत्तर मिळतं.

बिलातल्या कोणत्या ओळी वाटायच्या

बिलावर खाली मोठ्या अक्षरात दिसणारी रक्कम तशीच्या तशी वाटायला घेऊ नका. तिच्यात मागची थकबाकी आणि त्यावरचं व्याज असू शकतं. तुम्ही राहायला यायच्या आधीची थकबाकी असेल तर ती मालकाची. तुमच्याच काळात कुणी पैसे उशिरा दिले म्हणून व्याज लागलं असेल, तर ते त्या व्यक्तीचं. सुरक्षा ठेवीची वेगळी मागणी आली तर ती ग्राहकाच्या नावावर जमा राहते आणि कनेक्शन बंद करताना त्यालाच परत मिळते. ग्राहक मालक आहे, तेव्हा ठेव त्यांनीच भरायची.

उरतं ते चालू महिन्याचं बिल. त्यात स्थिर आकार असतो, म्हणजे एक युनिटही जाळलं नाही तरी लागणारी रक्कम. मग वीज आकार आणि वहन आकार, हे दोन्ही युनिटप्रमाणे. कधी इंधन समायोजन आकार असतो, तोही युनिटप्रमाणेच. आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला 16 टक्के वीज शुल्क. वाटणीच्या दृष्टीने यांचे दोनच गठ्ठे होतात. स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क सगळ्यांत सारखं, कारण कनेक्शन सगळ्यांचं. बाकी सगळं युनिटच्या मागे जातं.

वादाचं मूळ आहे वीज आकारात. त्याचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या 100 युनिटला एक दर, 101 ते 300 ला त्याच्या जवळपास दुप्पट, 301 ते 500 ला आणखी जास्त, आणि 500 च्या पुढे सगळ्यात महाग. पुष्कळांचा समज असतो की 301 वं युनिट पडलं की सगळी युनिटं महाग होतात. तसं नाही. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना त्या त्या टप्प्याचाच दर लागतो. पण यामुळे एक नवीन प्रश्न उभा राहतो: महागातली युनिटं कुणाची? त्याकडे येऊच, आधी मोजणी.

कोणती वस्तू वेगळी मोजायची

सगळंच मोजायला गेलात तर घराचं तहसील ऑफिस होईल. माझा नियम साधा आहे. जी वस्तू एकाच व्यक्तीची किंवा एकाच खोलीची आहे आणि महिन्याला दहा युनिटच्या पुढे खाते, तीच वेगळी मोजायची. बाकी सगळं सामायिक.

या चाळणीतून फार थोड्या वस्तू उरतात. एसी, कूलर, इंडक्शन, थंडीत गिझर किंवा पाण्याची कॉइल. मोबाइलचा चार्जर महिन्याला युनिटभरही खात नाही. रोज दहा तास चालणारा नऊ वॅटचा बल्ब महिन्याला पावणेतीन युनिट घेतो. आठवड्यातून अर्धा तास फिरणारी इस्त्री दोन युनिट. लॅपटॉप रोज सहा तास चालला तरी दहाच्या आतच राहतो. मजा अशी की भांडणं नेमकी याच वस्तूंवरून होतात, कारण चालू राहिलेला बल्ब डोळ्यांना दिसतो. शेजारच्या बंद खोलीतला एसी दिसत नाही.

फ्रिज एकीने आणला असला तरी त्यात सगळ्यांचं दूध आणि पीठ असतं, तेव्हा तो सामायिक. प्रत्येक खोलीत एकेक पंखा असेल तर तोही सामायिकातच सोडून द्या.

कूलर मोजायचा तो दिव्याने

कूलरवरचं स्टिकर बऱ्याचदा उडालेलं असतं, आणि पत्र्याचा कूलर स्थानिक दुकानातून बनवून घेतलेला असेल तर स्टिकर मुळात नसतंच. पण मीटरवरचा तो लाल दिवा इथे पुन्हा कामाला येतो. मीटरवर `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. काही मीटरवर हा आकडा वेगळा असतो, तुमच्या मीटरवरचा घ्या.

घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा आणि वायफायचा प्लगही काढा. फक्त कूलर, नेहमी ठेवता त्याच स्पीडवर, पाण्याचा पंप चालू ठेवून. मग पाच मिनिटं दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढून नंतर मोजलं तर चूक होत नाही.

```
वॅट = (एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला × 60000) ÷ मीटरवरचा imp/kWh
```

समजा पाच मिनिटांत 48 वेळा लुकलुकला. म्हणजे मिनिटाला 9.6. त्याला 60000 ने गुणून 3200 ने भागलं की 180 वॅट येतात. रोज बारा तास चालला तर दिवसाला 2.16 युनिट, महिन्याला साधारण 65. एवढं एकदाच मोजायचं. कूलरचं गवत बदललं म्हणून हा आकडा फारसा हलत नाही. तास मात्र बदलतात. एप्रिलमध्ये रात्रीपुरता चालणारा कूलर भुसावळच्या मे महिन्यात दुपारी अकरालाच सुरू होतो.

हीच युक्ती इंडक्शनला चालते. गिझरला चालत नाही, कारण पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो. गिझरसाठी एक ढोबळ आकडा पुरेसा आहे: एका बादलीच्या गरम पाण्याच्या आंघोळीला साधारण अर्धं युनिट. धुळ्याच्या थंडीत थोडं जास्त धरा. सगळ्याच जणी गिझर वापरत असतील तर वेगळं मोजूच नका.

एसीला वेगळा न्याय

एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो, आणि इन्व्हर्टर एसी तर खोली गार होईल तसा वापर कमी करत जातो. पाच मिनिटांची मोजणी त्याला लावली तर आकडा निम्मा किंवा दुप्पट यायचा. इथे दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला म्हणजे मालकाला विचारून एसीच्या लाइनवर इलेक्ट्रिशियनकडून छोटा सबमीटर बसवून घेणं. एकदा खर्च होतो, तो ज्याचा एसी त्याने करावा, आणि पुढे वाद उरत नाही. प्लगमध्ये लावायचे मोजणीयंत्रही मिळतात. पण एसीसाठी घ्याल तर 16 अँपियरचंच घ्या. साधं छोटं यंत्र एसीला लावलं तर ते तापतं, प्लग वितळतो.

दुसरा मार्ग फुकटचा. रात्री दहाला मीटरचं रीडिंग घ्या, सकाळी सहाला पुन्हा घ्या. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येतात. ज्याच्या शेजारी `kWh` दिसतं तोच घ्यायचा. काही मीटर दशांश दाखवत नाहीत, तिथे दोन-तीन रात्रींचं एकत्र रीडिंग घेऊन भागाकार करा. एका रात्री एसी लावून, एका रात्री न लावता, बाकी कूलर-पंखे दोन्ही रात्री तसेच. एसीच्या रात्री 8.2 युनिट पडले आणि बिनएसीच्या रात्री 3.2, तर एसीचे पाच. असं एप्रिलमध्ये एकदा आणि मे महिन्यात एकदा करावं, कारण 45 अंशांच्या दिवसानंतरच्या रात्री तोच एसी जास्त खातो.

स्मार्ट मीटर बसला असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवर रोजचा वापर दिसतो आणि हे सगळं आणखी सोपं होतं. त्यासाठी बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक लागतो.

आता हिशेब

समजा जळगावात टू बीएचके आहे. हर्षदा बँकेत आहे, एका खोलीत एकटी राहते आणि त्या खोलीत एसी आहे. मोनाली आणि कीर्ती दुसऱ्या खोलीत, त्यांचा एक कूलर. कीर्तीला सकाळी लवकर निघावं लागतं, ती स्वतःचं जेवण इंडक्शनवर करते. दर मी हिशेबाच्या सोयीसाठी गोल धरलेत, वीज आणि वहन आकार मिळून: पहिल्या 100 ला 6 रुपये, पुढच्या 200 ला 12, त्यापुढे 16. स्थिर आकार 130. दर बदलत असतात, तुम्ही तुमच्या बिलावरचे घ्या.

मे महिन्यात 340 युनिट पडली. वीज आकार 600 अधिक 2400 अधिक 640, म्हणजे 3640. स्थिर आकार धरून 3770, त्यावर 16 टक्के शुल्क, एकूण 4373 रुपये.

मोजलेली युनिटं अशी: एसी 26 रात्री लागला, रात्रीला पाच, म्हणजे 130. कूलर 65. इंडक्शन रोज अर्धं युनिट, म्हणजे 15. यांची बेरीज 210. बिलातल्या 340 मधून ती वजा केली की 130 युनिट सामायिक उरतात. सामायिक कधीही मोजायचं नाही, ते असं वजाबाकीनेच काढायचं. म्हणजे बेरीज बिलाशी आपोआप जुळते आणि मोजणीतली बारीकसारीक चूक सगळ्यांत विभागली जाते. ही उरलेली युनिटं वजा निघाली किंवा मागच्या महिन्याच्या दुप्पट आली, तर मात्र कुठेतरी तास चुकीचे धरलेत.

प्रत्येकीच्या वाट्याला सामायिकातली 43.33 युनिट. त्यात हर्षदाचा एसी मिळवला की 173.33. मोनालीचा अर्धा कूलर 32.5, एकूण 75.83. कीर्तीचा अर्धा कूलर आणि इंडक्शन धरून 90.83.

आता दर. सोपा मार्ग सरासरीचा: 3640 वर शुल्क लावून 4222, भागिले 340, म्हणजे युनिटला 12.42 रुपये. स्थिर आकाराचे प्रत्येकी 50. यानुसार हर्षदा 2203, मोनाली 992, कीर्ती 1178. सरळ तीन भाग केले असते तर प्रत्येकीला 1458 आले असते. मोनाली दर महिन्याला साडेचारशेच्या वर दुसऱ्याचा गारवा भरत राहिली असती.

पण मोनाली म्हणू शकते, एसी नसता तर आपण 210 युनिटांतच असतो, 16 रुपयांचा टप्पा लागलाच नसता. मग महागाची युनिटं एसीचीच धरा. असं केलं तर वरची 130 युनिटं, म्हणजे 40 सोळाने आणि 90 बाराने, एकट्या हर्षदाची. तिचे 2505 होतात, मोनालीचे 855, कीर्तीचे 1014. हर्षदाला तीनशे जास्त.

यातलं कुठलं बरोबर? मला स्वतःला सरासरी पटते. कारण 'शेवटी आलेली वस्तू' कोणती, हे कुणी ठरवायचं? हर्षदा म्हणेल, माझा एसी आधीपासून होता, कूलर तुम्ही एप्रिलमध्ये आणलात. मीटरला क्रम माहीत नसतो. एक अपवाद मात्र करावासा वाटतो. एकट्या एसीमुळे बिल 500 युनिटच्या पुढे गेलं, तर त्या वरच्या टप्प्यातली युनिटं एसीवाल्यानेच त्या दराने भरावीत. तिथे दर इतका चढतो की सरासरीने वाटणं इतरांवर अन्यायच होतो. काहीही ठरवा, पण उन्हाळ्याच्या आधी, आणि पूर्ण सीझन तेच ठेवा.

एसीची खोली म्हणून हर्षदा भाडं जास्त देत असेल तर 'मी आधीच जास्त देते' हा मुद्दा येतोच. भाड्यातला फरक खोलीचा असतो, विजेचा नाही. दोन्ही हिशेब वेगळे ठेवा.

गावाला गेल्यावर

कुणी आखाजीला किंवा दिवाळीला घरी गेली, तर तिची स्वतःची युनिटं आपसूक कमी होतात. सामायिकाचं काय? फ्रिज आणि वायफाय ती नसतानाही चालूच असतात. म्हणून आठवड्याच्या आतली सुट्टी धरायची नाही. त्याहून जास्त असेल तर तिच्या गैरहजेरीच्या दिवसांचा सामायिक वाटा निम्मा करायचा. स्थिर आकार पूर्ण. पाहुणी पंधरा दिवस राहिली, तर तिला बोलावणारीने तेवढ्या दिवसांचा एक सामायिक वाटा जास्त द्यायचा.

सरासरीचं बिल आलं तर

मीटर कुलूपबंद जाळीत असेल, तर रीडिंग घ्यायला आलेला माणूस परत जातो आणि बिल सरासरीने येतं. ते ओळखायचं कसं? बिलावर चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा असतो. मार्चची सरासरी एप्रिलला लागली तर बिल कमी येतं, सगळे खूश होतात, आणि पुढच्या महिन्यात सगळं एकदम वसूल होतं. दोन महिन्यांची युनिटं एकत्र आली तर टप्पेही दोन महिन्यांचे धरले गेलेत ना, हे बिलावर तपासा. धरले नसतील तर लगेच तक्रार करा.

यासाठी बिलाच्या भरवशावर न राहता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तुमच्या मीटरचा फोटो काढून ग्रुपवर टाका. शक्यतो बिलावर छापलेल्या रीडिंगच्या तारखेच्या आसपासच, एक तारखेचा हट्ट नको.

मधेच कुणी खोली सोडली तर

समजा कीर्ती 12 तारखेला निघाली. निघायच्या दिवशी तिच्यासमोर मीटरचा फोटो घ्या. मागच्या बिलातल्या रीडिंगपासून त्या दिवसापर्यंत जेवढी युनिटं पडली, त्यातून तेवढ्या दिवसांचा एसी, कूलर आणि इंडक्शन वजा करा, उरलेल्याचा तिसरा भाग तिचा, अधिक तिचा अर्धा कूलर आणि इंडक्शन. दर मागच्या बिलाचाच सरासरी धरा आणि स्थिर आकार दिवसांच्या प्रमाणात. नवीन बिलाची वाट बघू नका. दहा-वीस रुपयांचा फरक पडेल तो पडू द्या. पण तिची डिपॉझिट परत देण्याआधी हा आकडा कागदावर लिहून तिघींच्या सह्या घ्या, आणि तिच्या जागी येणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी तोच मीटरचा फोटो पाठवा, कारण तिचा हिशेब तिथूनच सुरू होतो.